इंटर्नशिपसाठी रेफरल मागताना: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पोरापोरींचे नेहमीचे प्रश्न

मी वडगावचा, म्हणजे बेळगावातल्या वडगावचा. नऊ वर्षं पुण्यात सॉफ्टवेअरच्या नोकरीत आहे. गणपतीला घरी आलो की आठवडाभरात दहा-बारा जण तरी रेफरल मागतात. कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर, कुणी आरतीनंतर गाठून, तर कुणी थेट वडिलांकरवी. त्यांचे प्रश्न दरवर्षी तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतो आहे.

मी "रेफर करा" म्हटल्यावर समोरचा नेमकं काय करतो?

एक फॉर्म भरतो. बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या आतल्या साइटवर रेफरलचं पान असतं. आधी तिथे जागा निवडावी लागते. प्रत्येक जागेला एक क्रमांक असतो, त्याशिवाय पान पुढे सरकत नाही. मग तुमचं नाव, ईमेल, फोन, रेझ्युमेची फाइल आणि पास होण्याचं वर्ष. शेवटी दोन प्रश्न हमखास येतात: उमेदवाराला तुम्ही कसं ओळखता, आणि या जागेसाठी तो योग्य का वाटतो? काही ठिकाणी "याच्यासोबत प्रत्यक्ष काम केलं आहे का" असंही विचारतात.

सगळी माहिती हाताशी असेल तर हे पाच मिनिटांचं काम आहे. नसेल तर पाच मिनिटांचं काम पाच दिवस लांबतं, कारण दादा जेवणाच्या सुट्टीत फॉर्म उघडतो, जागेचा क्रमांक दिसत नाही म्हणून तुम्हाला विचारतो, तुम्ही रात्री उत्तर देता, तोवर तो बाईकवर घरी निघालेला असतो. तो तुम्हाला टाळत नसतो, त्याचा फॉर्म अर्धवट राहिलेला असतो. म्हणून विनंती लिहिताना हा फॉर्म डोळ्यांसमोर ठेवा आणि त्याच्या रकान्यांकडून उलटं लिहीत या.

माझ्या मेसेजमध्ये चूक काय? मी तर नम्रपणेच लिहिलं होतं.

एक खराखुरा मेसेज घेऊ. खानापूर तालुक्यातली एक मुलगी, बेळगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर सायन्सच्या सातव्या सेमिस्टरला. तिच्या परवानगीने देतो, ओळखीच्या खुणा काढून:

"हाय दादा, मी खानापूरची. इंटर्नशिप शोधालोय. तुमच्या कंपनीत काय असेल तर प्लीज रेफर करा. कुठलंही काम चालेल, शिकायची तयारी आहे. रेझ्युमे पाठवलाय. प्लीज दादा, लई गरज आहे."

(मुलगी असून "शोधालोय" कसं, असं पुणेकर विचारतील. आपल्याकडे बायका "मी येतो, मी जातो"च म्हणतात, त्यात काही वावगं नाही.)

नम्रपणात काहीच कमी नाही, दोन वेळा प्लीज आहे. पण मी फॉर्म उघडला आणि पहिल्याच रकान्यात अडकलो. कोणती जागा? त्या दिवशी आमच्याकडे इंटर्नच्या सहा जागा होत्या, दोन पुण्यात, चार बेंगळुरूला. कधीपासून, किती महिने? कॉलेज सोडणार का? आणि "योग्य का वाटते" या रकान्यात मी काय लिहू, "खानापूरची आहे" म्हणून?

"कुठलंही काम चालेल" या वाक्याने सगळ्यात जास्त घात केला. लिहिणाऱ्याला वाटतं आपण अडवून धरत नाही, समोरच्याला मोकळीक देतो. प्रत्यक्षात सहा जागा वाचून, तिचा रेझ्युमे वाचून, जोड्या जुळवायचं काम माझ्यावर पडतं. दुकानात जाऊन "काहीही द्या" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकासमोर दुकानदार काय काय काढून ठेवणार?

"लई गरज आहे" हे खरं असेलही, पण त्या वाक्यासाठी फॉर्ममध्ये रकाना नाही. वाचणाऱ्याला वाईट वाटतं आणि त्याचे हात मात्र रिकामेच राहतात.

मग तोच मेसेज कसा लिहायचा?

मी तिला फोन केला आणि दहा मिनिटं फक्त प्रश्न विचारले. रेझ्युमेत "मिल्क मॅनेजमेंट सिस्टीम" असा एक प्रोजेक्ट होता, नावावरून तो शंभर जणांकडे असतो तसलाच वाटला. खोदून विचारल्यावर कळलं की तो तिच्या गावच्या दूध डेअरीवर खरंच चालू आहे. सकाळ-संध्याकाळ दुधाचं माप आणि फॅट नोंदवायचं, दहा दिवसांनी बिल काढायचं. पहिल्याच बिलाला एका सभासदाची वही आणि कॉम्प्युटर यांचा मेळ बसेना, नऊ रुपयांचा फरक. तिने शोधलं: प्रत्येक नोंदीला रुपयांखालचे पैसे गळत होते. दहा दिवसांच्या वीस नोंदी, प्रत्येकीतून थोडे थोडे पैसे गेले, बेरीज नऊ रुपये. दुरुस्त केल्यावर तिने मागच्या बिलाचे आकडे घेऊन चाळीस तपासण्या लिहून ठेवल्या, बदल केला की त्या पुन्हा चालवायच्या.

आमच्या सहा जागांत एक टेस्टिंगची होती. ही मुलगी सहा महिने आधीच टेस्टिंग करत होती आणि रेझ्युमेत त्याचा उल्लेखसुद्धा नव्हता!

मग तिने लिहिलेला नवा मेसेज असा:

"नमस्कार दादा. मी खानापूर तालुक्यातली, बेळगावात कॉम्प्युटर सायन्सच्या सातव्या सेमिस्टरला आहे, पुढच्या वर्षी पास होईन. कॉलेजच्या गणपतीत तुम्ही आला होता तेव्हा दोन मिनिटं बोललो होतो.

तुमच्या कंपनीच्या साइटवर पुण्यातली टेस्ट इंजिनिअर इंटर्नची जागा पाहिली, क्रमांक R-20417, शेवटची तारीख 18. यासाठी मला रेफर कराल का? मी अजून स्वतः अर्ज केलेला नाही.

मी गावच्या दूध डेअरीसाठी बिलाचा प्रोग्राम केला आहे, 64 सभासद तो वापरतात. एका बिलात नऊ रुपयांचा फरक आला, त्याचं कारण शोधून दुरुस्त केलं आणि तपासणीच्या चाळीस केस लिहिल्या. म्हणून ही जागा मला जुळते असं वाटतं.

फेब्रुवारी ते जुलै पूर्ण वेळ पुण्यात राहू शकते, कॉलेजची एनओसी मिळेल. रेझ्युमे जोडला आहे. ईमेल, फोन आणि फॉर्मसाठी इंग्रजीत तीन ओळी खालच्या मेसेजमध्ये देते, म्हणजे तुम्हाला टाइप करावं लागणार नाही.

माझं काम तुम्ही पाहिलेलं नाही, त्यामुळे रेफर करणं योग्य वाटलं नाही तर तसं सांगा, मी थेट अर्ज करेन."

मोठा वाटतो, पण वाचायला मिनिटभर लागतो आणि त्यानंतर मला एकही प्रश्न विचारावा लागला नाही. ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये चहा गार व्हायच्या आत फॉर्म भरून झाला.

यातली सगळ्यात महत्त्वाची ओळ कोणती?

लोक म्हणतात प्रोजेक्टची. ती हवीच. पण माझ्या मते दोन साध्या ओळी जास्त काम करतात.

पहिली, "मी अजून स्वतः अर्ज केलेला नाही". बऱ्याच कंपन्यांत तुमच्या ईमेलने आधीच अर्ज पडलेला असेल तर त्याच जागेसाठी रेफरल जोडता येत नाही, पान सरळ "उमेदवार आधीपासून नोंदलेला आहे" म्हणतं. काही कंपन्यांत नेमकं उलटं असतं: आधी अर्ज करा, मग कर्मचारी त्यावर आपलं नाव लावतो. बाहेरून हे कळत नाही. म्हणून अर्ज करण्याआधी विचारा आणि केला असेल तर तो कोणत्या ईमेलने हे स्पष्ट लिहा. कॉलेजचा एक आणि घरचा एक असे दोन ईमेल वापरून घोळ घालणारे दरवर्षी भेटतात.

दुसरी, शेवटची ओळ. रेफर करणारा आपलं नाव लावतो. "कसं ओळखता" या रकान्यात मी खोटं लिहू शकत नाही. "माझं काम तुम्ही पाहिलेलं नाही" असं तिने स्वतःच म्हटल्यामुळे मी तिथे निवांतपणे लिहिलं की कॉलेजच्या कार्यक्रमात ओळख झाली, प्रोजेक्टबद्दल फोनवर बोललो, सोबत काम केलेलं नाही. एवढं पुरतं. नकार द्यायला वाट ठेवली की माणूस उत्तर तरी देतो. वाट नसली की तो नुसता गप्प बसतो, आणि मग तुम्ही म्हणता पुण्याला गेलेल्यांना गावाची आठवण राहत नाही.

"फॉर्मसाठी तीन ओळी" म्हणजे काय लिहायचं?

दादाने जशाच्या तशा चिकटवाव्यात अशा ओळी. फॉर्म इंग्रजीत असतो, म्हणून त्या सोप्या इंग्रजीत हव्यात, आणि त्यात "मी" नको, "ती" किंवा "तो" हवं, कारण बोलणारा दादा आहे. "मी मेहनती आहे" असं चिकटवलं तर तो स्वतःचीच शिफारस करतो आहे असं दिसतं!

एका ओळीत कोण आणि कधी पास होणार, दुसरीत जागेशी जुळणारं एक काम आकड्यासकट, तिसरीत कधीपासून कधीपर्यंत मोकळी. विशेषणं टाळा. "अत्यंत हुशार आणि प्रामाणिक" हे तुम्हीच लिहून दिलंत तर दादाला ते पुसावं लागेल, कारण ते म्हणणं त्याचं आहे, तुमचं नाही. तपासता येईल एवढंच लिहून द्या.

ओळख काहीच नाही, फक्त गाव एक. तरी लिहू का?

लिहा, पण गाव एक असणं हे नमस्कारापुरतं आहे. "दादा, मी पण निपाणीचा" याने मेसेज उघडला जातो, फॉर्म भरला जात नाही. अशा वेळी थेट रेफरल मागण्यापेक्षा एक छोटा, उत्तर देता येईल असा प्रश्न आधी विचारलेला बरा. "R-20417 या जागेला जावा लागते की पायथॉन चालते?" असा. "करिअरबद्दल मार्गदर्शन करा" असा नव्हे, त्याला उत्तर लिहायला रविवार लागतो.

लिंक्डइनवर ओळख-विनंतीसोबत लिहायला जागा फार थोडी असते, त्यात सगळं कोंबू नका. कॉलेज, जागेचा क्रमांक आणि "दोन ओळींचा प्रश्न आहे", बस. सविस्तर मेसेज विनंती स्वीकारल्यावर.

दादा म्हणू की सर? मराठीत लिहू की इंग्रजीत?

कॉलेजचे सीनियर, गावचे, वयाने आठ-दहा वर्षांनी मोठे असतील तर दादा, ताई चालतं, आणि "तुम्ही" धरा. आपल्या बोलण्यात मोठ्या भावालाही "तू" म्हणतात, पण अनोळखी माणसाला लिहिताना नको. पद मोठं असेल किंवा वय कळत नसेल तर सर, मॅडम. पहिल्या ओळीत सर, तिसरीत दादा आणि शेवटी "ब्रो", असा एक मेसेज मला आला आहे. पोरगा चांगला होता, पण तीन ठिकाणांहून ओळी उचलल्या हे लगेच कळलं.

समोरचा मराठी आहे याची खात्री असेल तर मराठीत बिनधास्त लिहा. आडनावावरून मात्र ठरवू नका. आपल्या भागात पाटील, देसाई, कुलकर्णी मराठीही असतात आणि कन्नडही. कन्नड सीनियरला कन्नडमध्ये लिहिता येत असेल तर उत्तमच, नाहीतर साधं इंग्रजी. आणि व्हॉइस नोट पाठवू नका. ऑफिसात ती ऐकता येत नाही, आणि त्यातला क्रमांक चिकटवताही येत नाही.

सीजीपीए कमी आहे, एक बॅकलॉग आहे. लपवू का?

जागेच्या वर्णनात अट दिलेली असते ती आधी वाचा. "7 च्या वर" लिहिलं असेल आणि तुमचे 6.6 असतील तर रेफरलने अट हलत नाही, गाळणी आधी लागते. अशा वेळी दुसरी जागा शोधा. अट नसेल तर मेसेजमध्ये आकडा दिला नाही तरी चालतो, रेझ्युमेत मात्र खरा हवा. बॅकलॉगबद्दल दादाला एका ओळीत सांगून टाका: "एक विषय राहिला आहे, डिसेंबरात परीक्षा". कॉलेजचं मार्कशीट तपासताना ते निघणारच, आणि तेव्हा तोंडघशी पडतो तो रेफर करणारा.

रेझ्युमे कसा पाठवू?

पीडीएफ जोडा, ड्राइव्हची लिंक नको. लिंक उघडली की निम्म्या वेळा `Request access` येतं, आणि मग ती परवानगी तुम्ही देईपर्यंत सगळं थांबतं. फाइलचं नाव `Resume_final_new(2).pdf` असलं तर डाउनलोडमध्ये तसल्या चार फाइल आधीच पडलेल्या असतात, आणि त्यातली भलत्याचीच चढवली जाण्याचा धोका असतो. स्वतःचं नाव आणि जागेचं नाव फाइलला द्या. रेझ्युमेतला ईमेल आणि मेसेजमधला ईमेल एकच ठेवा.

बाबांचे मित्र त्या कंपनीतल्या एकाला ओळखतात. ते सांगतील म्हणाले.

सांगू द्या, पण फक्त ओळख करून देण्यापुरतं. काकांनी फोनवर "आमचा पोरगा आहे, बघा जरा" म्हटलं की समोरचा "हो हो, पाठवून द्या" म्हणतो, आणि विषय तिथेच राहतो. काकांना एवढंच म्हणा की तुमचा नंबर त्याला देतो असं सांगा. त्यानंतर मेसेज तुम्ही लिहा, वर दिला तसा, पहिल्या ओळीत काकांचा उल्लेख करून. काकांकरवी पुन्हा पुन्हा विचारणा करू नका, त्याने नातं खर्ची पडतं आणि फॉर्म तसाच राहतो.

मी मेकॅनिकलचा डिप्लोमावाला. उद्यमबागच्या कारखान्यात कसला फॉर्म?

बरोबर, तिथे बहुधा फॉर्म नसतोच. फाउंड्री किंवा मशीन शॉपमध्ये तुमचा ओळखीचा माणूस सुपरवायझरला किंवा ऑफिसात तोंडी सांगतो. पण तोंडी सांगणाऱ्यालाही तपशील लागतातच: कोणत्या तारखेपासून, किती आठवडे, कोणत्या विभागात, आणि कॉलेजचं पत्र आहे का. पत्र हातात असेल तर काम निम्मं झालं. "मोल्डिंग पाहायचं आहे" की "सीएनसीवर बसायचं आहे" हे सांगा, आणि सेफ्टी शूज स्वतःचे आहेत हेही सांगून टाका. किरकोळ वाटतं, पण आत घेणाऱ्याची एक अडचण कमी होते.

उत्तर आलं नाही. परत विचारू का?

चार-पाच दिवसांनी एकदा, जुन्या मेसेजलाच उत्तर म्हणून, म्हणजे त्याला वर जाऊन शोधावं लागत नाही. "दादा, R-20417 ची तारीख 18 आहे. जमत नसेल तर मी 16 ला थेट अर्ज करते, काही हरकत नाही." असं लिहिलं की त्याच्या गप्प राहण्यालाही अर्थ मिळतो, आणि तुमची तारीख चुकत नाही. "?" एवढंच पाठवू नका. निळ्या खुणा दिसल्या म्हणून फोनही करू नका. आणि एकाच कंपनीतल्या तिघांना एकाच वेळी विचारलं असेल तर तसं सांगा. दोघांनी फॉर्म भरला तर दुसऱ्याचा नाकारला जातो, आणि ते दोघे शेजारी बसत असतील तर तुमचं नाव चहाला निघतं.

कुणी रेफरलचे पैसे मागितले तर?

देऊ नका. खरा कर्मचारी उमेदवाराकडून पैसे घेत नाही. नियुक्तीनंतर कंपनी त्याला काही देत असेल तर तो त्यांचा मामला.

त्या मुलीचं पुढे काय झालं?

फॉर्म भरल्यावर कंपनीकडून तिला एक लिंक आली, ती ईमेलच्या प्रमोशन्समध्ये जाऊन पडली होती. मी "पोचली का" विचारलं म्हणून सापडली, नाहीतर तिची मुदत संपली असती. ऑनलाइन परीक्षा झाली, मुलाखत झाली आणि जागा दुसऱ्याला गेली.

दोन आठवड्यांनी तिने तोच मेसेज बेंगळुरूतल्या एका सीनियर ताईला पाठवला. क्रमांक, शहर आणि ओळखीची ओळ बदलली, बाकी सगळं तसंच. तिथल्या मुलाखतीत वीस मिनिटं फक्त त्या नऊ रुपयांवर बोलणं झालं, म्हणाली. फेब्रुवारीत राणी चन्नम्मा एक्सप्रेसने गेली. सभासदांचं बिल आता तिचा धाकटा भाऊ काढतो, आणि पैसे गळतात का ते ती तिकडून तपासते.